जंजिऱ्याचा सूर्यास्त सहावा का?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. जंजिऱ्याच्या सहलीतल्या दहा निवडक फोटोंचा मी लावलेला क्रम तुला पटला नाही, आणि का पटला नाही हे तू सविस्तर लिहिलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. नुसतं ‘मला नाही आवडलं’ म्हणून सोडून दिलं असतंस, तर बोलण्यासारखं काही उरलंच नसतं. राजपुरीच्या जेट्टीवरून तू टिपलेला सूर्यास्त सगळ्यांना आवडला असताना मी तो सहावा ठेवला, आणि पहिला ठेवला तो तुझ्या पुतणीने काढलेला नावाड्याचा फोटो तिरका आहे, शिवाय त्यात नावाड्याचा हात हललेला आहे, अशी तुझी मुख्य तक्रार आहे. शेवटी तू विचारतोस, सहलीच्या आठवणींना नंबर द्यायचेच कशाला?

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. आठवणींना नंबर देता येत नाहीत, हे मलाही मान्य आहे. तो सूर्यास्त बघताना आपण सगळे गप्प झालो होतो, वहिनींनी चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला होता, आणि तुझ्या फोटोकडे बघताना मला ते सगळं पुन्हा दिसतं. पण हे दिसतं ते मी तिथे होतो म्हणून. आपलं ठरलं होतं की या फोटोंपैकी एक १२ बाय १६ इंचांत छापायचा आणि आपल्या चारही घरांत लावायचा. भिंतीवरचा फोटो पाहुणे बघतात, शेजारी बघतात, आणि घरातली माणसं तर रोज बघतात. जो तिथे नव्हता त्यालाही काही सांगेल आणि वर्षभर डोळ्यांसमोर राहूनही जुना वाटणार नाही, असा फोटो मला शोधायचा होता. म्हणून निघण्याआधीच मी कळवलं होतं की चार गोष्टी बघेन: उजेड कसा पडला आहे, चौकटीत काय घेतलं आणि काय सोडलं, क्षण नेमका आहे का, आणि हा फोटो जंजिऱ्याशिवाय दुसरीकडे कुठे निघू शकला असता का. कॅमेऱ्याची सफाई मी मुद्दाम पाचवी आणि शेवटची ठेवली होती.

आता उजेडाचं बघू. राजपुरीच्या किनाऱ्यावरून जंजिरा पश्चिमेच्या बाजूला, समुद्रात दिसतो. सकाळी ऊन राजपुरीकडच्या डोंगरांवरून वर आलं की ते थेट किल्ल्याच्या दर्शनी तटावर पडतं. त्या वेळी ऊन खाली असतं, त्यामुळे प्रत्येक दगडाच्या कडेला बारीक सावली पडते आणि तटाचा खडबडीतपणा हाताला जाणवावा इतका स्पष्ट दिसतो. दरवाज्याजवळचं ते प्रसिद्ध शिल्प आठव, पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला तो शरभ. सकाळी त्याचे पंजे आणि हत्तींच्या सोंडा वेगवेगळ्या ओळखू येतात, म्हणूनच त्या शिल्पाचा फोटो माझ्या यादीत वर आहे. संध्याकाळी हेच चित्र उलटं होतं. सूर्य किल्ल्याच्या मागे जातो आणि आपल्या बाजूचा तट पूर्ण सावलीत जातो. जेट्टीवरून बघताना बुरूज, तोफांच्या जागा, तटावरची झाडं हे सगळं मिळून एक काळी पट्टी होते. या काळ्या आकृतीतही सौंदर्य असू शकतं, त्यात वाद नाही. पण मग त्या आकृतीलाच फोटो पेलावा लागतो, आणि जंजिऱ्याचा आकार लांबट व बसका आहे. रायगड किंवा देवगिरीसारखा तो आभाळात चढत नाही. त्यामुळे तुझ्या फोटोत खालची काळी पट्टी किल्ल्याची आहे, हे फक्त आपल्याला कळतं. ज्याला माहीत नाही तो ती डोंगराची किंवा बेटाची समजेल.

आभाळाबद्दल तू लिहिलंस की ‘एवढे रंग दुसऱ्या कुठल्या फोटोत आहेत?’ खरं आहे, नाहीत. पण हे रंग सगळेच आभाळातले नाहीत, ही माझी अडचण आहे. तुझा फोटो मोठा करून सूर्याच्या आजूबाजूला नीट बघ. नारिंगी रंग जिथे पिवळ्याला मिळतो तिथे हळूहळू उतरण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. ढगाच्या मधल्या भागात पोतच नाही, सपाट नारिंगी डाग आहे. आणि तटाच्या काळ्या कडेला लागून वरच्या बाजूने एक उजळ किनार धावते, जी डोळ्यांना तिथे कधीच दिसली नव्हती. रंग वाढवणाऱ्या फिल्टरच्या या खुणा आहेत.

असं का होतं, तेही सांगतो. फोनमधल्या नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांची मात्रा दिलेली असते आणि प्रत्येक मात्रा ० ते २५५ या मर्यादेत बसवलेली असते. मावळतीच्या आभाळात लाल आधीच खूप वर असतो, समज २३० ते २४५ च्या दरम्यान. या पंधरा घरांच्या फरकातच ढगाची सगळी नक्षी साठवलेली असते. रंग गडद करण्याची पट्टी पुढे सरकवली की हे सगळे आकडे वर ढकलले जातात आणि एकामागून एक २५५ ला जाऊन अडकतात. २३० होता तोही २५५, २४५ होता तोही २५५. फरक संपला की नक्षी संपली, आणि पट्टी मागे सरकवून त्या जतन केलेल्या प्रतीतून ती परत मिळत नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर हे खपून जातं, उलट चमकदार वाटतं. १२ बाय १६ च्या कागदावर तो डाग तळहाताएवढा होतो. यात तुझी चूक काढायचा हेतू नाही. मूळ फोटोत ती नक्षी असणारच, आणि याबद्दल पुढे तुझ्याकडे एक मागणी करणार आहे.

नावाड्याच्या फोटोवरचे तुझे दोन्ही आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहेत. फोटो तिरका आहे आणि हात हललेला आहे. तरीही तो पहिला का, हे त्या फोटोसमोर बसूनच सांगावं लागेल.

शिडाची होडी दरवाज्याच्या पायऱ्यांशी येते, पण टेकून स्थिर राहत नाही. लाट आली की वर जाते, ओसरली की खाली आणि बाजूला सरकते. उतरणाऱ्याला होडी वर येण्याची वाट बघावी लागते आणि नावाडी सांगेल त्या क्षणी पाऊल टाकावं लागतं. तुझ्या पुतणीने मागच्या होडीतून हा फोटो घेतला. नऊवारीतल्या एका आजींचा एक पाय होडीच्या काठावर आहे आणि दुसरा पायरीच्या वर, अजून टेकायचा आहे. पायरी आणि होडी यांच्यामध्ये हिरवं पाणी दिसतं. नावाड्याचा डावा हात आजींच्या दंडावर घट्ट आहे, आणि उजवा हात मागच्या लोकांना ‘थांबा’ म्हणून सांगताना हललेला आहे. नावाड्याचं तोंड मात्र स्वच्छ आलं आहे, आणि तो आजींकडे बघत नाही, पाण्याकडे बघतो आहे. पुढची लाट कधी येते यावर त्याचं लक्ष आहे. मागे सकाळच्या उन्हात तटाचे दगड उजळलेले आहेत. जंजिऱ्याला कधीही न गेलेल्या माणसाला या एका फोटोवरून कळेल की या किल्ल्यात जायचं म्हणजे काय करावं लागतं. इतकी वर्षं हा किल्ला बाहेरच्यांना जिंकायला का अवघड गेला, याचाही थोडा अंदाज त्या पायरीवरून येतो.

हललेला हात म्हणजे दोष, असं सरसकट म्हणता येत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९३२ साली पॅरिसच्या सॅं-लाझार स्थानकामागे काढलेला फोटो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक आहे. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस त्यात आहे, त्याची टाच पाण्याला टेकायला बोटभर अंतर बाकी आहे, आणि तो माणूस स्पष्ट आलेला नाही, हललेलाच आहे. त्या फोटोत सगळं महत्त्व त्या उरलेल्या अंतराला आहे. कुठलीही एक गोष्ट हललेली चालते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आपल्या फोटोत नावाड्याचं तोंड हललं असतं आणि हात स्वच्छ आला असता, तर मी तो पहिल्या पाचांतही घेतला नसता. नजर जिथे जाऊन थांबते ती जागा स्वच्छ हवी, एवढाच माझा आग्रह आहे. तुझ्या फोटोत ही जागा सूर्याची आहे आणि नेमका तिथेच डाग आहे.

तिरकेपणाचं म्हणशील, तर तो सरळ करता येतो का हे मी करून बघितलं. पायऱ्यांच्या रेषेवरून मोजलं तर फोटो सुमारे तीन अंशांनी कललेला आहे. तेवढा फिरवला की चारही कोपऱ्यांत रिकाम्या जागा उघड्या पडतात, त्या कापाव्या लागतात, आणि फोटोचा आकार तसाच राखायचा तर लांबी-रुंदी दोन्ही सहा टक्क्यांहून थोडी जास्त कमी होते. ऐकायला हे थोडं वाटतं. पण खालच्या कडेला नावाड्याचा पाय आहे, होडीच्या फळीवर बोटं रोवून उभा असलेला, आणि कापताना तोच जातो. तो पाय गेला की माणूस कशाच्या जोरावर उभा आहे हे कळेनासं होतं. म्हणून मी तीन अंश तसेच राहू दिले. समुद्राची सरळ क्षितिजरेषा दिसत असती तर मी हे सोसलं नसतं, कारण क्षितिज कललं की डोळ्यांना लगेच खुपतं. इथे क्षितिज नाही, होडी आहे, आणि होडी कलतेच.

आता ‘सगळ्यांना सूर्यास्तच आवडला’ या मुद्द्याकडे येतो. ग्रुपवर त्याला सर्वांत जास्त अंगठे मिळाले, हे मी नाकारत नाही. पण अंगठा फक्त एवढंच सांगतो की बघताक्षणी हे आवडलं. बाकीच्यांच्या तुलनेत कुठे बसतं, हे तो सांगत नाही. म्हणून तुझं पत्र आल्यावर मी आपल्या सातही मोठ्या माणसांना फोन करून सूर्यास्त, नावाडी आणि शरभ या तीनच फोटोंचा पहिला-दुसरा-तिसरा क्रम विचारला. तिघांनी सांगितलं: सूर्यास्त, मग नावाडी, मग शरभ. दोघांनी: नावाडी, शरभ, सूर्यास्त. उरलेल्या दोघांनी: शरभ, नावाडी, सूर्यास्त.

नुसती पहिली पसंती मोजली तर सूर्यास्त तीन मतांनी जिंकतो, बाकीच्यांना दोन-दोन. तुझं म्हणणं इथपर्यंत बरोबर ठरतं. पण पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक आणि तिसऱ्याला शून्य दिलं, तर सूर्यास्ताला सहा मिळतात, शरभालाही सहा, आणि नावाड्याला नऊ. जोड्या लावून बघितलं, तर नावाडी की सूर्यास्त यात सातांपैकी चौघं नावाड्याच्या बाजूने आहेत, आणि नावाडी की शरभ यात पाच जण. सूर्यास्त ज्यांना आवडला त्यांना फार आवडला, पण बाकी चौघांनी तो शेवटी ठेवला. नावाडी कोणीच शेवटी ठेवला नाही.

हा हिशेब माझा नव्हे, अडीचशे वर्षं जुना आहे. जाँ-शार्ल द बोर्दा हा फ्रेंच आरमारातला अधिकारी आणि गणिती होता. क्रमानुसार गुण देण्याची पद्धत त्याने १७७० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली, कारण केवळ पहिली पसंती मोजली तर बहुसंख्यांना नको असलेला उमेदवारही निवडून येऊ शकतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याच अकादमीतल्या काँदोर्सेने १७८५ मध्ये जोड्या लावून तुलना करण्याचा आग्रह धरला आणि तिची मर्यादाही दाखवून दिली: कधी कधी पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पुन्हा पहिल्याला, मग विजेता कोणीच उरत नाही. आपल्या सात जणांत असा फेरा आला नाही, दोन्ही पद्धती एकाच फोटोवर आल्या. तरीही हे मतदान म्हणजे माझ्या निकषांचा पुरावा आहे, असं मी म्हणणार नाही. मतांवरून पसंती कळते. उजेड, चौकट आणि क्षण कसे साधले आहेत, हे फोटो समोर ठेवूनच ठरवावं लागतं.

तुझ्या पत्रातला एक मुद्दा मात्र मला थांबवून गेला. पहिली चाळणी करताना मी सगळे फोटो काळे-पांढरे करून बघितले होते. ही छायाचित्रकारांची जुनी रीत आहे. रंग काढले की नजर रंगाने खेचली जात नाही आणि मांडणी कशी आहे ते उघड दिसतं. सूर्यास्ताचं त्यात वरची राखाडी पट्टी आणि खालची काळी पट्टी एवढंच उरलं. त्यावर तू लिहिलंस, ‘ज्या फोटोचा विषयच रंग आहे, त्याचे रंग काढून त्याला जोखणं म्हणजे गाणाऱ्याला मुकं करून त्याची परीक्षा घेणं.’ या वाक्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, आणि मी ते ओढूनताणून देणारही नाही. तुझ्या बाजूने मोठी माणसं उभी आहेत. रघुबीर सिंह यांनी उभी कारकीर्द रंगीत फोटोग्राफीत घालवली. तरुणपणी, १९६६ साली, जयपूरला त्यांनी कार्तिए-ब्रेसाँला काम करताना जवळून पाहिलं होतं आणि त्याच्याविषयी त्यांना आदर होता. पण त्याची काळ्या-पांढऱ्याची वाट त्यांनी घेतली नाही. भारतीय माणूस जग रंगांतूनच बघतो, रंग इथल्या जगण्याचा गाभा आहे, अशी त्यांची ठाम भूमिका होती. हे आठवल्यावर मी ठरवलं आहे की काळ्या-पांढऱ्याची चाळणी यापुढे फक्त मांडणी तपासायला वापरायची, आणि ज्या फोटोत रंग हाच विषय आहे त्याला ती लावायची नाही. त्याच्यासाठी वेगळा प्रश्न विचारायचा: यातले रंग एकमेकांशी काय करतात? सूर्यास्ताचं आभाळ, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि मधली ओली वाळू यांचे रंग एकमेकांना उत्तर देत असतील, तर तो फोटो रंगांच्या बळावर वर जायला हवा.

म्हणजे सूर्यास्त पहिला येईल का? आज माझ्याकडे असलेल्या प्रतीवरून मला तसं वाटत नाही. नवा प्रश्न लावूनही मी तो फार तर चौथा ठेवेन, कारण मधल्या डागात रंग एकच आहे आणि एकट्या रंगाचं कोणाशी नातं जुळत नाही. पण माझ्याकडची प्रत ही ग्रुपवरून आलेली आहे. तुझ्या फोनचा मूळ फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो लहान होऊन येतो, लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांची उरते. सोळा इंचांवर छापताना मूळ फोटोला इंचाला २५० ठिपके मिळतात आणि हे हातभर अंतरावरून स्वच्छ दिसतं. ग्रुपवरच्या प्रतीला इंचाला १०० मिळतात, आणि तिथे कडा पिसकारलेल्या दिसायला लागतात. नावाड्याचा मूळ फोटो तुझ्या पुतणीने मला आधीच पाठवला होता. तुझा मूळ फोटो मी अजून बघितलेलाच नाही, आणि दोघांना सारखी संधी मिळायला हवी.

तेव्हा माझी मागणी अशी. फोनमधला मूळ सूर्यास्त शोध, फिल्टर लावायच्या आधीचा. तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे एकही ठिपका कमी न होता येईल. मी सूर्यास्त आणि नावाडी दोन्ही १२ बाय १६ मध्ये, एकाच लॅबमधून, एकाच मॅट कागदावर छापून घेतो. पुढच्या रविवारी तुम्ही सगळे इकडे जेवायला या. दोन्ही प्रिंट दिवसाच्या उजेडात भिंतीला टेकवून ठेवू, तिथे न आलेल्या आमच्या दोन शेजाऱ्यांनाही बोलावू, आणि प्रत्येकाने पूर्ण क्रम चिठ्ठीवर लिहायचा. निकाल माझ्या यादीविरुद्ध गेला, तर चारही घरांसाठी सूर्यास्त छापायचा खर्च आणि काम माझ्याकडे. येताना वहिनींना आणि पुतणीला नक्की घेऊन ये, तिचं म्हणणं मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे. आणि मूळ फोटो शुक्रवारपर्यंत पाठव, लॅब शनिवारी दुपारी बंद होते.

तुझा,
मित्र